कणकेचा लेप

गल्लीत तिला सगळे थेंबेकाकू म्हणत. हे काही तिचं आडनाव नव्हतं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी ती तासन्‌तास नळीतून पडणारे थेंब ऐकत बसायची, त्यावरून कोणीतरी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मग तिच्या नवऱ्याला आपोआप थेंबेकाका व्हावं लागलं. बायकोच्या उद्योगावरून नाव पडलेला तो गल्लीतला एकुलता एक नवरा होता, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नसे, कारण हाक मारलेली त्याला बहुतेक वेळा ऐकूच यायची नाही.

काकू गुलाबपाणी काढायची आणि गवती चहाचं पाणी काढायची. शिकली कुठे, तर शाळेत. पण बाकावर बसून नव्हे. शाळेच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं तिने काचेची भांडी धुतली. मुलं धडे शिकून पुढच्या वर्गात गेली, काकू मात्र दर वर्षी त्याच धड्याला हजर राहिली. पाण्याची वाफ कशी होते, वाफ थंड नळीतून गेली की तिचं परत पाणी कसं होतं, हा प्रयोग तिने अठ्ठावीस वेळा पाहिला. तिथले सर दर वर्षी फळ्यावर काही लिहिण्याआधी एकच वाक्य म्हणायचे, "ज्या भांड्यातून वाफेला बाहेर यायला वाट नाही, त्याखाली जाळ लावायचा नाही." मुलं ते वहीत लिहायची आणि विसरायची. काकूकडे वही नव्हती, म्हणून तिच्या ते लक्षात राहिलं. निवृत्त झाल्यावर शाळेने तिला शाल दिली. काठाचा टवका उडालेलं एक लिटरचं मोजपात्र तिने स्वतःच मागून घेतलं.

तिचं यंत्र म्हणावं तर काहीच नव्हतं. जाड बुडाचं मोठं स्टीलचं पातेलं, त्यावर घुमटासारखं झाकण, झाकणाच्या शेंड्याला तोटी. तोटीवर हातभर सिलिकॉनची नळी, नळीचं दुसरं टोक तांब्याच्या वेटोळ्यावर चढवलेलं. वेटोळं स्टुलावर ठेवलेल्या गार पाण्याच्या बादलीत बुडवलेलं आणि त्याचं खालचं टोक बादलीच्या बुडातून बाहेर काढलेलं. त्या टोकाखाली ते शाळेचं मोजपात्र, जाळापासून चांगलं लांब, कारण गवती चहाचं तेल पाण्यावर तरंगतं आणि तेल म्हटलं की ते पेट घेणारच. पातेल्याच्या तळाला भोकांची चकती, म्हणजे पाला बुडाला लागून करपत नाही. वर तोटीच्या तोंडाला बारीक जाळी, म्हणजे फेसाबरोबर पाला वर चढला तरी नळीत जात नाही. आणि झाकण व पातेलं यांच्यामधल्या फटीला कणकेचा लेप.

हा लेप ही काकूच्या घरातली चेष्टेची गोष्ट होती. सकाळी मूठभर कणीक मळायची, तिची दोरी वळायची, फटीवर दाबून बसवायची. तापली की ती वाळून घट्ट व्हायची, तरी कुठून तरी वाफेचा एखादा धागा फुसफुसत राहायचाच. काकूचा दीर फिटर होता. नळ, पाइप, मोटारी, जे गळतं ते बंद करणं हा त्याचा धंदा आणि त्याचा स्वभावही. तो आला की त्या धाग्याकडे असा बघायचा, जसं काही घरात चोरीच चालली आहे.

"वहिनी, निम्मा माल असा उडून जातोय तुमचा," तो म्हणायचा. "फटीत रबराचं एक गॅस्केट आणि चार क्लिपा. अर्ध्या तासाचं काम."

"उडू दे," काकू म्हणायची. "तू तुझे नळ बघ."

का उडू द्यायचं, हे मात्र तिने त्याला कधी समजावून सांगितलं नाही. तिला ते इतकं उघड वाटायचं की सांगण्यासारखं काही आहे हेच तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ही तिची चूक. ती तिने नंतर कबूलही केली, पण नंतर.

आता थेंबेकाकांकडे वळू. काका तीस वर्षं छापखान्यात मशीनवर होते. त्या धडधडाटाने त्यांचे कान नेले. डावा पूर्ण, उजवा कामापुरता. कानात घालायचं यंत्र होतं, पण नळीची शीळ, गॅसची सूं सूं, भांड्यांचा खणखणाट सगळं एकदम डोक्यात शिरतं म्हणून स्वयंपाकघरात आले की ते यंत्र काढून खिशात ठेवत. काकूचं सगळं काम कानावर चालायचं. पातेल्याची गुणगुण बदलली की जाळ कमी करायचा, धारेचा आवाज बारीक झाला की पाणी बघायचं. तेव्हा या कामात नवऱ्याचा काडीचा उपयोग नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. त्यात दोन वर्षांपूर्वी काकांनी चहाची किटली ठेवली आणि ती शिट्टी मारमारून कोरडी होऊन जळाली, काका शेजारी पेपर वाचत बसलेले. तेव्हापासून गॅसच्या बटणाला हात लावायला त्यांना बंदी होती. बंदीच म्हणायची, दुसरा शब्द नाही.

त्या दिवशी सकाळी घाई होती. चौकापलीकडे साबण करणारी एक बाई होती, तिला गवती चहाच्या पाण्याच्या दहा बाटल्या हव्या होत्या आणि संध्याकाळपर्यंतच हव्या होत्या, कारण उद्या तिचा माल बाहेरगावी जायचा होता. काकूकडे तयार सहा होत्या. उकळून वाळवलेल्या बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवलेल्या, प्रत्येकीवर तारीख. चार कमी पडत होत्या, म्हणजे दोन लिटर.

दोन किलो पाला आणि पाच लिटर पाणी घेतलं की काकूला दीड लिटर चांगलं पाणी मिळायचं. आणि तेल? चमचाभर, तेही नशिबात असेल तर. दीड लिटरच्या पुढे हट्ट धरला तर नुसता उकडलेल्या गवताचा वास यायचा, आणि त्याहून पुढे गेलं तर पातेलं कोरडं पडायचं. हे तिला पाठ होतं. गुलाबाचंही तसंच, किलोभर पाकळ्यांना लिटरभर पाणी आणि राम राम. लोकांना वाटायचं वाफेतून काय वाटेल तेवढं निघतं. काकू म्हणायची, गाईला चार आचळं असतात, पाचवं शोधू नये.

पण त्या दिवशी तिने पाचवं शोधलं. दोनऐवजी तीन किलो पाला चिरला. पातेलं दोन तृतीयांशापर्यंत भरायचं हा तिचाच नियम, तो मोडून तिने पाला गळ्यापर्यंत दाबला. झाकण बसेना. तेव्हा तिने तोटीच्या तोंडाची जाळी काढून ओट्यावर ठेवली. एका दिवसाने काय होतंय, असं ती स्वतःलाच म्हणाली. अठ्ठावीस वर्षं धडा ऐकलेली बाई असं म्हणते, तिथे वहीत लिहून घेणाऱ्या मुलांना काय बोलणार!

लेप लावला, गॅस बारीक केला. पहिला थेंब पडायला पाऊण तास लागायचा. तेवढ्यात सहा बाटल्या पोचवून, रिकाम्या बाटल्या घेऊन आपण परत येऊ असा तिने हिशेब केला. चालू भांडं सोडून ती याआधी कधीही गेली नव्हती.

तिने काकांना बादलीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि समोर उभं राहून, ओठ दिसतील असं, एकेक शब्द सोडत सांगितलं.

"बादलीतलं पाणी वरून कोमट झालं की तांब्याने काढायचं, गार ओतायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"बरं."

"गॅसला तर नाहीच नाही."

"बरं."

"आणि मी येईपर्यंत इथून हलायचं नाही. काही झालं तरी."

"काही म्हणजे?" काकांनी विचारलं.

"काही म्हणजे काही! तुम्हाला ऐकू येत नाही, निदान बसून तरी राहा."

काकांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं, पेपर मांडीवर घेतला, पेन काढलं आणि ते बसून राहिले.

साबणवालीकडे वेळ गेला. तिने प्रत्येक बाटली उजेडात धरून पाहिली, हुंगली, नाक पुसून परत हुंगली. एका गिऱ्हाइकाने विचारलंय म्हणून तिला जाणून घ्यायचं होतं की गुलाबपाणी डोळ्यात घातलेलं चालेल का. काकूने हातातली पिशवी खाली ठेवली. "अजिबात नाही. घरी काढलेलं पाणी ते, कितीही बाटली उकळा, डोळ्यात नाही म्हणजे नाही. आणि बाजारातल्या फुलांचं तर तोंडालाही नाही, त्यांच्यावर फवारलेलं असतं. माझी फुलं रोपवाटिकेतल्या माळ्याकडची असतात, न फवारलेली." सुरक्षिततेबद्दल काकू असं खडसून बोलत होती आणि घरी तिचं पातेलं गळ्यापर्यंत भरलेलं होतं. हे तिला बोलता बोलताच जाणवलं आणि तिने वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

तेवढ्यात फोन वाजला. दीर होता. आवाजातच बक्षीस मागत होता.

"वहिनी, घरी गेल्यावर बघा. आता कणीक मळायची कटकट संपली."

"म्हणजे?"

"तुम्ही गेलात आणि मी माझ्याकडच्या किल्लीने आत आलो. पातेलं अजून कोमटच होतं, तेव्हाच उरकलं. तुमचा तो लेप खरवडून टाकला, रबराचं गॅस्केट बसवलं, चार क्लिपा आवळल्या. दादाला सांगितलं वहिनींना गंमत दाखवू. आता वाफेचा एक कणही इकडेतिकडे जायचा नाही!"

काकूने एकच विचारलं, "नळी?"

"नळीची तोटीकडची बाजू क्लिप लावून पक्की केली. बादलीकडची राहिली, क्लिप कमी पडली. संध्याकाळी आणतो."

जाळी ओट्यावर आहे, हे तिला माहीत होतं. पाला फेसाबरोबर वर चढणार, रुंद तोटीतून नळीत जाणार आणि तांब्याच्या वेटोळ्याचं तोंड बोटाएवढंही नाही, तिथे बुचासारखा बसणार. लेप असता तर एवढ्यात एका बाजूने फाटून वाफ मोकळी झाली असती. लेप त्यासाठीच होता. आता खाली जाळ, वर क्लिपा, पुढे बूच. आणि शेजारी खुर्चीत तिचा नवरा, ज्याला तिने तोंड समोर धरून सांगितलं होतं की काही झालं तरी हलायचं नाही.

"तू आत्ताच्या आत्ता घरी नीघ," ती दिराला म्हणाली.

"मी गावाच्या त्या टोकाला आहे, वहिनी. काय झालं?"

"नीघ!" एवढंच म्हणून तिने फोन बंद केला आणि घरी लावला. वाजला, वाजला, बंद पडला. परत लावला. फोन बाहेरच्या खोलीत असणार, काका आत असणार, कान खिशात असणार. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईला लावला. ती दुकानात होती. "किल्ली माझ्याकडे नाही हो," ती म्हणाली, "आणि दार वाजवून त्यांना ऐकू येतंय होय?" खरंच होतं ते.

पिशवी तिथेच टाकून काकू निघाली. तिचा डावा गुडघा गेली चार वर्षं तिच्याशी भांडत होता, त्या दिवशी त्याचं कोणी ऐकलं नाही. रिक्षा एकही थांबेना. मंडईतून आडवं गेलं तर पाच मिनिटं वाचतात म्हणून ती मंडईत शिरली आणि तिथे एक टेम्पो मागे घेत होते, तो मागेही येईना आणि पुढेही जाईना. ती भाजीच्या पाट्या ओलांडून गेली. कोणीतरी ओरडलं. कोणीतरी म्हणालं, म्हातारीला काय झालंय. तिच्या डोळ्यांपुढे फक्त ती खुर्ची होती.

ही बाई नवऱ्यावर फार प्रेम दाखवणाऱ्यांतली नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्यांना जास्त करून ओरडूनच बोलली, आधी रागाने आणि मग कानांमुळे. पण मंडईतून धावताना तिला राहून राहून एकच गोष्ट आठवत होती. काका सांगितलेलं ऐकतात. ऐकू येत नाही तरी ऐकतात. छापखाना बंद झाला तेव्हा तिने सांगितलं, रडत बसायचं नाही, तर ते बसले नाहीत. तिने सांगितलं, गॅसला हात लावायचा नाही, तर दोन वर्षं साधं दूधसुद्धा त्यांनी गरम केलं नाही, गार पीत राहिले. आज तिने सांगितलं, हलायचं नाही. तो माणूस हलणार नाही. पातेलं थडथडायला लागलं तरी ते त्याला ऐकू येणार नाही. देवा, आज एकदा तरी माझं ऐकू नका हो, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि समोरून येणारा माणूस बाजूला झाला.

घराशी आली तेव्हा साडेअकरा होत होते. तिने किल्ली फिरवली. दार उघडताच गवती चहाचा दरवळ आला. पण रोजच्यापेक्षा कमी. आणि स्वयंपाकघरात धारेचा आवाज नव्हता.

ती आतल्या दारात थांबली. काका खुर्चीत होते. जसं सांगितलं होतं तसेच, गुडघे जुळवून, पेपर मांडीवर, पेन हातात. मोजपात्रात अर्ध्याच्या खाली पाणी आणि वेटोळ्याच्या टोकाला थेंब नाही. झाकणावर चार चकचकीत क्लिपा. सिलिकॉनची नळी मधोमध फुगून ताणली होती, घास अडकलेल्या गळ्यासारखी, आणि तिच्यातून हिरवट काहीतरी दाटून बसलेलं दिसत होतं. काकूची नजर शेवटी खाली गेली. शेगडीवर जाळ नव्हता.

काकांनी तिला पाहिलं आणि ते शाळेतल्या मुलासारखे चपापले.

"रागावू नकोस," ते म्हणाले. "गॅसला हात लावला मी. आत्ताच, पाच मिनिटंही झाली नाहीत."

जाळ गेला तरी आतली वाफ लगेच मरत नाही. पातेल्याकडे न जाता काकू भिंतीच्या कडेने फिरून खुर्चीमागे आली, तिने काकांचा दंड धरला आणि ओढला.

"अगं, बादलीतलं पाणी बदलायचंय—"

तिने दोन्ही हातांनी ओढलं. काका उठले, त्यांच्याबरोबर खुर्ची सरकली, खुर्चीचा पाय बादलीच्या स्टुलाला लागला. दोघं दारापाशी पोचले असतील नसतील, एवढ्यात मागे फट्‌ असा आवाज झाला. बादलीकडची नळी निसटली होती. वाफ, कढत पाणी आणि शिजलेल्या पाल्याचा गोळा थेट खुर्चीवर आला, पाठीवर, बसायच्या जागेवर, जिथे घडीभरापूर्वी माणूस होता. मग फुस्सऽऽ करून पातेलं बराच वेळ श्वास सोडत राहिलं. काकूच्या उजव्या पोटरीवर चटका बसला. तो तिला दार ओढून घेतल्यावर कळला.

बाहेरच्या खोलीत काकांनी खिशातून यंत्र काढून कानात घातलं. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

काकू रडायला लागली. चाळीस वर्षांत काकांनी हे फार वेळा पाहिलं नव्हतं. त्यांनी तिचा पाय पाहिला, तिला मोरीत नेलं, नळ सोडला आणि वीस मिनिटं पोटरीवर साधं पाणी धरून ठेवलं. बर्फ आणू का, म्हणाले. ती म्हणाली, बर्फ नको, नुसतं पाणी. नंतर त्यांनीच स्वच्छ कपडा सैल गुंडाळला.

अर्ध्या तासाने दीर आला. धापा टाकत. तोवर दोघांपैकी कोणी स्वयंपाकघराचं दार उघडलं नाही. पातेलं हाताला सोसवेल इतकं गार झाल्यावरच काकूने क्लिपा काढू दिल्या. खुर्ची हिरवीगार झाली होती. दिराने खुर्ची पाहिली, नळी पाहिली, वेटोळ्याच्या तोंडातून तारेने पाल्याचं बूच ओढून काढलं, आणि खुर्चीकडे पाठ करून उभा राहिला.

"गळत होतं म्हणून बंद केलं, वहिनी," तो म्हणाला.

"ते गळावं म्हणूनच कणीक लावते रे मी. जास्त झालं की ती आपण होऊन उडते. तुला काय वाटलं, घरात क्लिपा नाहीत म्हणून मी रोज पीठ वाया घालवते?"

"मग कधी सांगितलं का नाही?"

"ते माझं चुकलंच. जाळीही मी काढली होती," ती म्हणाली. "पातेलंही मीच ठासून भरलं. तुझ्या एकट्याच्या माथी नको." दिराने क्लिपा खिशात टाकल्या आणि फरशी पुसायला घेतली.

फरशी पुसताना त्याला काकांचा पेपर सापडला, ओलाचिंब. काकूने तो हातात घेतला. कडेच्या पांढऱ्या जागेत निळ्या शाईचे आकडे होते, पसरलेले, पण वाचता येत होते. डावीकडे वेळ, उजवीकडे मोजपात्रावरची खूण, दर पाच मिनिटांनी. पावणेअकराला पहिला थेंब. मग सत्तर. दीडशे. दोनशे तीस. तीनशे दहा. तीनशे ऐंशी. चारशे दहा. चारशे वीस. चारशे वीस. शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, "बंद."

"हे काय?" तिने विचारलं.

"मशीनवर नोंद ठेवायचो तशी," काका म्हणाले. "तिथे कुणालाच काही ऐकू यायचं नाही गं. आकडे बघायचे. कागद जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले पाहिजेत. कमी आले, की कुठेतरी अडकलंय. मग आधी मशीन बंद, मग चौकशी." त्यांनी शेवटच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "इथे जाळ तेवढाच होता आणि पाणी कमी यायला लागलं. म्हटलं, ती ओरडेल. पण दोनदा चारशे वीस आलं, मग हात लावलाच."

"बंद केलंत तर उठलात का नाही?"

"हलू नको म्हणाली होतीस ना."

काकूने पेपर गुंडाळला नाही, टाकलाही नाही. खिडकीत वाळत घातला. साबणवालीला फोन करून सांगितलं की आज सहाच, उरलेल्या आठवडाभराने. ती कुरकुरली. काकूने कुरकुर ऐकून घेतली. तिच्या दृष्टीने त्या दिवशी फार स्वस्तात सुटका झाली होती.

चार दिवसांनी पोटरीवरची कातडी सुकत आली तेव्हा तिने परत पातेलं मांडलं. दोन किलो पाला, एक पातही जास्त नाही. तळाला चकती. तोटीला जाळी, ती बोट फिरवून तपासली. नळी नवी आणली होती. वेटोळ्यात एका टोकाने फुंकून दुसऱ्या टोकाशी तळहात धरला, वारा लागला. मग कणीक मळली आणि दोरी वळली. काका दारात उभे होते. त्यांना वाटत होतं की आपल्याला आता या खोलीतही बंदी झाली.

काकूने घासून लख्ख केलेली ती खुर्ची उचलली आणि बादलीजवळ नाही, तर दाराशी ठेवली. मोजपात्रावरचे आकडे दिसतील, पण वाफ पोचणार नाही, इतक्या अंतरावर. खुर्चीवर वही ठेवली, वहीवर पेन.

"बसा," ती म्हणाली.

काका बसले. त्यांनी वही उघडून डावीकडे वेळ लिहिली आणि वर पाहिलं. "आणि कमी यायला लागलं तर? तुला हाक मारू?"

काकू त्यांच्यासमोर आली, ओठ दिसतील अशी. एकेक शब्द सुटा केला. पण या वेळी तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मला विचारायचं नाही. गॅस बंद करायचा, आणि उठून बाहेर जायचं."

"तू काही म्हणालीस तरी?"

"मी काही म्हणाले तरी."

काकांनी ते वहीच्या पहिल्या पानावर, वर, तारखेशेजारी लिहून घेतलं. काकूने फटीवर लेप दाबला, काडी ओढली आणि त्यांच्या शेजारी पाटावर बसली. पाऊण तासाने पहिला थेंब पडला. तो तिने ऐकला आणि काकांनी पाहिला.